शिकतोय, याला पुरावा काय?

गेमिंग लॅपटॉप ही खेळायची वस्तू आहे हे तिच्या नावातच लिहिलेलं असतं. ती स्वस्तात हवी असेल तर मात्र आपण अभ्यास करतो हे लेखी सिद्ध करावं लागतं. कॅरमबोर्ड घेताना दुकानदार मार्कशीट मागत नाही, बॅट घेताना कुणी बोनाफाईड आणायला पिटाळत नाही. लाख रुपयांच्या खेळण्याला तेवढा हा नियम आहे, आणि गंमत म्हणजे तो खेळणाऱ्यांना, विकणाऱ्यांना आणि पैसे भरणाऱ्या आईबापांना, तिघांनाही अगदी रास्त वाटतो.

जून उजाडला, निकाल लागले, की या सवलतींच्या जाहिराती सुरू होतात. जाहिरातीत एक चष्मेवाली मुलगी झाडाखाली बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन हसत असते. ज्याने कधी गेमिंग लॅपटॉप मांडीवर घेतलाय तो असा हसत नाही. हे धूड अडीच किलोच्या आसपास असतं, त्याचा चार्जर विटेएवढा असतो, आणि खेळ सुरू झाला की दहा मिनिटांत मांडी शेकायला लागते. शिवाय झाडाला प्लग नसतो, आणि प्लगशिवाय हे यंत्र तास-दीड तासाच्या वर खेळू देत नाही. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असं लिहिलेलं असतं. हा लेख त्या बारीक अक्षराबद्दल आहे.

माझा भाचा पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला यंदा असा लॅपटॉप हवा होता. कारण त्याने एकच दिलं, पण पक्कं: कॉलेजात त्रिमितीय आराखडे काढायचे असतात आणि त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. हे शंभर टक्के खरं आहे. त्याच कार्डावर रात्री अकरानंतर आणखी काय काय चालतं, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ताईने फक्त दुकानातल्या नमुन्याकडे पाहून विचारलं, “अभ्यासाचा लॅपटॉप ना, मग कीबोर्डात लाल-निळे दिवे कशाला?”

“रात्री अभ्यास करायला,” भाचा म्हणाला.

एवढ्यावर घरची पडताळणी संपली. कंपनीची संपायला बराच वेळ लागला.

कंपनीच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांचं वेगळं दालन असतं. तिथे गेलं की बऱ्याचदा भाव दिसतच नाही. आधी पडताळणी, मग भाव. आणि ही पडताळणी लॅपटॉप विकणारा स्वतः करतोच असं नाही. त्यासाठी निराळ्या कंपन्या आहेत. ब्रिटनच्या युनिडेज आणि स्टुडंट बीन्स, अमेरिकेची शिअरआयडी. समोरचा माणूस खरोखर शिकतो की नाही एवढंच दुकानदाराला सांगायचं, हा त्यांचा धंदा. आपल्याकडे हे काम शेजारच्या काकू फुकट करतात आणि वर किती विषय राहिलेत तेही सांगतात. पण त्यांचा अहवाल संगणकात भरायची सोय नाही.

या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, कॉलेजचा ईमेल पत्ता आहे का? असेल तर सगळं दोन मिनिटांचं काम. पत्ता टाकायचा, त्यावर एक दुवा येतो, तो दाबला की तुम्ही विद्यार्थी. अमेरिकेत हे सरळ आहे, कारण तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजांचे पत्ते .edu ने संपतात आणि 2001 सालापासून ते शेपूट नव्याने फक्त त्यांनाच मिळतं. आपल्याकडची शेपटं .ac.in आणि .edu.in. शिक्षणसंस्थांना ती देण्याचं काम अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था करते. म्हणजे कॉलेजकडे शेपूट असतं. प्रश्न एवढाच, की ते विद्यार्थ्यापर्यंत पोचतं का?

आयआयटीसारख्या ठिकाणी पहिल्याच दिवशी पोचतं. संलग्न कॉलेजांत मात्र सगळा पत्रव्यवहार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतो आणि ईमेल ही प्राध्यापकांनी बायोडेटात लिहायची गोष्ट समजली जाते. भाच्याच्या कॉलेजने तरी पहिल्या वर्षी सगळ्यांना पत्ते दिले होते. त्यात नाव नव्हतं, शाखा, वर्ष, तुकडी आणि हजेरी क्रमांक मिळून झालेला एक लांबलचक आकडा होता. तो आकडा शोधून, पासवर्ड बदलून, पत्ता जिवंत करून भाच्याने पडताळणीचं पत्र मागवलं. पत्र आलं नाही. पुन्हा मागवलं, तरी नाही. स्पॅममध्ये पाहिलं, तिथेही नाही.

याचं कारण जाणकारांना लगेच कळतं. पुष्कळ कॉलेजं विद्यार्थ्यांची खाती अशी बांधून ठेवतात की त्यांच्यावर फक्त कॉलेजातलीच पत्रं यावीत. बाहेरचं पत्र दारातूनच परत. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या घरच्या पत्त्यावरून कॉलेजच्या पत्त्यावर ‘नमस्कार’ एवढंच लिहून पाठवायचं. तेही पोचलं नाही, तर दोष लॅपटॉपवाल्याचा नाही आणि दहा वेळा बटण दाबून उपयोग नाही. हे दार उघडायचा अधिकार कॉलेजात एका माणसाकडे असतो. तो माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक असतो आणि हे काम त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलेलं असतं. तो भेटला, तर म्हणतो, “अर्ज दे.”

इथे भाच्याच्या एका मित्राने तोडगा सुचवला. टेलिग्रामवर कुणीतरी थोडक्या रुपयांत अमेरिकेतल्या कॉलेजचा पत्ता विकत होता. म्हणजे पुण्यात राहून, वडापाव खात, कॅलिफोर्नियाचं विद्यार्थी व्हायचं. मी भाच्याला दोन गोष्टी सांगितल्या. असा पत्ता विकणाऱ्याकडेही उघडा राहतो, आणि ज्या पत्त्यावर आपली खरेदी आणि परवाने लटकतात त्याची किल्ली परक्याकडे देणं हा चोराला गुरखा नेमण्याचा प्रकार आहे. दुसरं, कंपनीच्या लक्षात आलं की परवाना रद्द होतो, तोही बहुधा सबमिशनच्या आदल्या रात्री. भाच्याला दुसरं कारण पटलं.

मग उरतो कागदाचा मार्ग. ईमेल नसेल तर कागदाचा फोटो चढवा. ही सोय जवळपास सगळेच देतात, आणि त्या कागदावर मागतात त्या गोष्टी फक्त तीन. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव, आणि तो आत्ता शिकतोय हे दाखवणारी तारीख. बस्स. ऐकायला किती सोपं! आपल्या शैक्षणिक कागदांवर आईचं नाव, वडिलांचं नाव, जात, पोटजात, रक्तगट, संस्थेचं बोधवाक्य, संस्थापकांचं छायाचित्र, नॅकची श्रेणी, असं सगळं असतं. या तीन गोष्टी मात्र एका कागदावर एका वेळी, वाचता येतील अशा, क्वचित सापडतात.

नावाचंच बघा. अर्जात दोन चौकटी असतात, पहिलं नाव आणि आडनाव. आपल्या ओळखपत्रावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. गुणपत्रिकेवर त्यापुढे आईचंही येतं. समजा मुलगा आहे पाटील अथर्व संजय सुनीता. कागद वाचणाऱ्या यंत्राच्या हिशेबी याचं पहिलं नाव पाटील आणि आडनाव सुनीता. अर्जात मुलाने भरलेलं असतं अथर्व पाटील. यंत्र म्हणतं, हे दोघं वेगळे आहेत. त्यावर उपाय म्हणजे स्वाभिमान बाजूला ठेवून अर्जातलं नाव कागदाशी जमेल तितकं जुळवायचं, निदान स्पेलिंग तरी अक्षरशः तेच ठेवायचं. गिटहबवर विद्यार्थ्यांचा संच मागतानाही खात्याच्या माहितीत कागदावरचंच पूर्ण नाव असावं लागतं. तिथे ‘डार्क_राव_007’ अशा नावाने वावरणाऱ्याला आधी आपल्या आईने ठेवलेल्या नावावर परत यावं लागतं.

संस्थेचं नाव हे दुसरं प्रकरण. आपल्या ओळखपत्रावर सर्वांत मोठ्या अक्षरात नाव असतं ते शिक्षण प्रसारक मंडळाचं. त्याखाली ज्यांच्या देणगीतून इमारत उभी राहिली त्यांचं, ‘कैलासवासी’पासून पुढे सगळं. कॉलेजचं नाव त्यानंतर, उरलेल्या जागेत. अर्जात मात्र कॉलेज यादीतून निवडायचं असतं, आणि यादीत ते कुठल्या नावाने असेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. कधी मंडळाच्या नावाने, कधी आद्याक्षरांनी, कधी नुसतं गावाच्या नावाने. कॉलेज सापडलं नाही तर विद्यापीठ निवडावं म्हटलं, तर पुणे विद्यापीठाचं नाव 2014 साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा दोन्ही नावांनी शोधावं लागतं. भाच्याने आपलं कॉलेज चौथ्या की पाचव्या प्रकाराने शोधलं तेव्हा ते आद्याक्षरांमधल्या पूर्णविरामांसह मिळालं. पूर्णविराम काढले की नाहीसं व्हायचं.

पण खरी मारामारी तारखेची. ओळखपत्रावर जन्मतारीख ठळक असते, शैक्षणिक वर्ष मात्र नसतं. किंवा असतं ते प्रवेशाचं. ‘2024’ एवढंच छापलेलं कार्ड पाहून मुलगा आज शिकतोय, पास झालाय की सोडून गेलाय, हे सांगता येत नाही, आणि पडताळणीवाल्याचा प्रश्न नेमका तोच असतो. अडोबीच्या नियमात गेल्या सहा महिन्यांतला कागद चालू धरतात. सहा महिन्यांतली गुणपत्रिका द्यायची, तर आधी विद्यापीठाने सहा महिन्यांत निकाल लावायला हवा. आणखी काही न बोललेलं बरं.

मग चालतं काय? फीची पावती. तीवर विद्यार्थ्याचं नाव असतं, कॉलेजचं असतं, शैक्षणिक वर्ष असतं आणि ताजी तारीख असते. माझ्या पाहण्यात सर्वांत कमी नाकारला जाणारा कागद हाच. बारकाईने पाहिलं तर यात एक मार्मिक गोष्ट दिसते. साऱ्या जगातले विक्रेते विद्यार्थी ओळखण्यासाठी पैसे भरल्याची पावती मागतात. हजेरी कुणीही मागत नाही. मागितली असती तर गेमिंग लॅपटॉपवर विद्यार्थी सवलत मिळालेला एकही विद्यार्थी अख्ख्या महाराष्ट्रात सापडला नसता.

पावतीचा फोटो भावोजींनी स्वतः काढायला घेतला. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि फसवणुकीच्या बातम्या कात्रणं काढून ठेवतात. कुठल्या परदेशी संकेतस्थळावर कागद द्यायचा म्हटल्यावर त्यांनी खाते क्रमांक झाकला, आधार क्रमांक झाकला. इथवर अगदी योग्य. नको ते आकडे झाकूनच द्यावेत, ते कुणी मागतही नाही. पण मग त्यांना जोर चढला. पावती क्रमांक झाकला, मुलाचं नाव झाकलं, तारीख झाकली. शेवटी कागदावर ‘अक्षरी रुपये’ एवढेच शब्द उघडे राहिले. तो फोटो अर्थातच परत आला. नाकारल्याच्या पत्रात कारण तीनच ओळींत असतं आणि ते सर्वांना सारखंच असतं: नाव, संस्था किंवा तारीख दिसत नाही. भावोजी म्हणाले, “दिसू नये म्हणूनच तर झाकलंय.”

दुसऱ्या खेपेला पावती भाच्याने वसतिगृहाच्या ट्यूबलाइटखाली काढली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, आणि नेमका उजेडाचा पट्टा कॉलेजच्या नावावर पडला. कागदाचे चारी कोपरे फोटोत आले पाहिजेत, वर चमक नको, आणि पिशवीतून किंवा लॅमिनेशनमधून काढता येत असेल तर काढावा, हे कुणी सांगत नाही. त्यातून ऑनलाइन फी भरली असेल तर फोटोच्या भानगडीत न पडता पावतीची मूळ पीडीएफ चढवावी. पण आपल्याकडे ऑनलाइन पावती आधी छापायची, मग तिचा फोटो काढायचा आणि मग तो ऑनलाइन पाठवायचा, हीच रीत आहे.

मधल्या काळात, पावती फसली तर हाताशी असावं म्हणून, ताईने त्याला बोनाफाईड आणायला पाठवलं.

बोनाफाईड हा आपला राष्ट्रीय कागद आहे. रेल्वेच्या पासाला तो, शिष्यवृत्तीला तो, पासपोर्टला तो, बँकेच्या कर्जालाही तोच. कार्यालयाची खिडकी ठरल्या वेळेतच उघडते, आणि ती वेळ प्रॅक्टिकलची असते. भाच्याने अर्ज दिला. क्लार्कने विचारलं, “कशासाठी पाहिजे?”

“लॅपटॉपच्या सवलतीसाठी.”

क्लार्कने रजिस्टर पुढे-मागे चाळलं. “एसटी आहे, रेल्वे आहे, स्कॉलरशिप आहे. लॅपटॉप नाही.”

“मग सर, शैक्षणिक कामासाठी लिहा.”

“लॅपटॉप शैक्षणिक आहे का?”

दिव्यांचं उत्तर इथे चालणार नाही हे भाच्याने ओळखलं आणि तो गप्प राहिला. शेवटी रेल्वे सवलतीसाठी म्हणून लिहायला क्लार्क तयार झाला, कारण तिथे शिक्का तयार होता. त्याला भाच्याने हात जोडून नकार दिला आणि कारणाची जागा रिकामी ठेवून घेतली. जाणकार हेच करतात. पडताळणीवाल्याला कारण नकोच असतं.

कागद हातात आला. छापील मजकुरात ‘हा या महाविद्यालयाचा विद्यार्थी आहे/होता’ असं होतं. यातलं नको ते खोडायचं असतं. ते खोडणं क्लार्कचं काम की विद्यार्थ्याचं, यावर एकमत नसल्यामुळे दोन्ही तसंच राहिलं, म्हणजे भाचा एकाच वेळी शिकतही होता आणि शिकून बाहेरही पडला होता. वर्तणूक चांगली असल्याचं मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं. नाव हाताने, डॉक्टरी अक्षरात. आणि गोल जांभळा शिक्का बरोब्बर तारखेवर. आपल्याकडे शिक्का रिकाम्या जागेवर मारला तर तो वाया गेला असं समजतात. तो सहीवर नाहीतर तारखेवरच पडला पाहिजे. ज्या एका गोष्टीसाठी कागद काढला ती गोष्ट शिक्क्याखाली गाडली गेली. तेव्हा बोनाफाईड घेताना खिडकी सोडायच्या आधी ‘होता’ खोडून घ्यावं आणि तारीख शिक्क्यापासून दोन बोटं लांब लिहून घ्यावी. क्लार्क रागावतो. रागावू द्यावं.

ते कागदपत्र शेवटी लागलंच नाही. पावतीची पीडीएफ चढवली आणि पडताळणी झाली. एक सांकेतिक क्रमांक आला, एकदाच वापरता येणारा, त्याच खात्याला बांधलेला आणि मुदत असलेला. म्हणजे आता भाव दिसला.

भाव पाहून घरात खरी चर्चा सुरू झाली. कंपनीच्या दालनात किंमत होती 1,14,990 रुपये. विद्यार्थी म्हणून आठ टक्के कमी, म्हणजे 9,199 वजा, आले 1,05,791. इतक्या खटपटीनंतर नऊ हजार वाचले म्हणून ताईने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात भावोजींनी एका मोठ्या बाजारी संकेतस्थळावर ‘तोच’ लॅपटॉप काढला. तिथे 1,07,990, आणि ठरावीक बँकेच्या कार्डावर 5,000 ताबडतोब कमी. म्हणजे 1,02,990. कुठलाही पुरावा न देता, विद्यार्थी नसतानाही, 2,801 रुपयांनी स्वस्त. बरं, बँकेची सूट विद्यार्थी सवलतीला जोडावी म्हटलं तर अटींत स्पष्ट लिहिलेलं, दोन्ही एकत्र नाहीत.

हे पुष्कळदा असंच असतं. विद्यार्थी सवलत कंपनीच्या छापील किमतीवर असते आणि बाजारातला भाव आधीच तिच्याखाली उतरलेला असतो. म्हणून टक्के पाहू नयेत, शेवटचा आकडा पाहावा. आणि त्याहून आधी, ‘तोच’ लॅपटॉप खरोखर तोच आहे का ते पाहावं. भाच्याने दोन्हींचे मॉडेल क्रमांक शेजारी मांडले तर शेवटची दोन अक्षरं वेगळी निघाली. ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच होतं, आरटीएक्स 4060. पण लॅपटॉपमधलं हे कार्ड निर्मात्यांना 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवता येतं, आणि जितकी वीज कमी तितका खेळ रेंगाळतो. बाहेर स्टिकर सारखाच. बाजारातला स्वस्त होता तो 75 वॉटचा, कंपनीच्या दालनातला 115 चा. शिवाय विद्यार्थ्यांना वॉरंटीचं एक वर्ष वाढवून मिळत होतं. दोन हजार आठशे एक रुपये कुठे गेले ते कळलं.

“विजेचं बिलही वाढेल ना मग?” भावोजींनी विचारलं. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

आता शेवटचं विघ्न म्हणून काका अवतरले. भावोजींच्या या धाकट्या भावाचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. ते म्हणाले, “सवलत-बिवलत सोडा. बिल माझ्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर घ्या. सोळा हजार सुटतील.” आकडा बरोबर होता. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी असतो आणि 1,05,791 मध्ये तो साधारण 16,138 रुपये बसतो. सोळा हजारांपुढे नऊ हजार म्हणजे काहीच नाही. घरातलं वारं फिरलं. भाच्याचा चेहरा उतरला, कारण दुकानाच्या नावावरचा लॅपटॉप दुकानात राहायचा धोका असतो.

काकांच्या सीएने फोनवर पाणी ओतलं. इनपुट क्रेडिट मिळतं ते धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचं; पुतण्याच्या वसतिगृहात दिवे लावणारा लॅपटॉप हा इलेक्ट्रिकलच्या दुकानाचा धंदा होत नाही. “दिवे आहेत की त्यात,” काका म्हणाले. सीए ऐकेना. आणि त्यात दुसरी मेख अशी, की विद्यार्थी सवलत माणसाला असते, दुकानाला नाही. बिलावर जीएसटी क्रमांक आला की ती ऑफर तिथेच संपते.

बिलावरच्या नावाची काळजी एरवीही घ्यावी लागते. पैसे बापाच्या कार्डाने भरले तर सहसा हरकत नसते. पण काही ऑफर अशा असतात, की माल आधी दुकानातून पूर्ण किमतीला घ्यायचा आणि मग ठरलेल्या दिवसांत बिल, यंत्राचा सिरियल क्रमांक आणि विद्यार्थ्याचं ओळखपत्र चढवून वाढीव वॉरंटी किंवा हेडफोन मिळवायचे. तिथे बिल बापाच्या आणि ओळखपत्र मुलाच्या नावावर असेल तर वांधा येतो. दुकानदाराला बिल करतानाच मुलाचं नाव सांगायचं, ओळखपत्रावर आहे त्याच क्रमाने.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला अजून लॅमिंग्टन रोडची पद्धत आवडते. आमच्या गिरगावातून तो चालत जाण्यासारखा. तिथे गल्ल्यावरच्या माणसाला नुसतं म्हणायचं, “पोरगं शिकतंय, काहीतरी कमी करा.” तो पोराकडे एकदा बघतो. सुकलेला चेहरा, पाठीवरची उसवलेली सॅक, फोनची फुटलेली काच. पडताळणी पूर्ण. मग लॅपटॉपवर एक पैसा कमी न करता तो बॅग, माऊस आणि पडद्याला पुसायचा कपडा देतो, आणि दोन्ही पक्ष समाधानाने वेगळे होतात.

सॉफ्टवेअरची गोष्ट मात्र न्यारी, आणि पुराव्यासाठी खपायचं तर ते इथे खपावं. लॅपटॉपवर आठ टक्के सुटतात. इथे कधी पूर्णच सुटतं. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली आराखड्यांची सॉफ्टवेअरं एक वर्ष फुकट देतं, आणि तुम्ही शिकत राहिलात तर दरवर्षी पुन्हा. प्रोग्रॅमिंगवाल्यांना जेटब्रेन्सचंही तसंच. अडोबी फुकट देत नाही, पण किंमत निम्म्याहून खाली आणतं. तिथे पहिल्या वर्षानंतर भाव चढतो आणि वर्षाचा करार मधेच मोडला तर भुर्दंड पडतो, हे बारीक अक्षर भावोजींनी भिंग लावून वाचलं. ब्लेंडर तर सगळ्यांनाच फुकट, ओळखपत्र नको की पावती नको. भाच्याने ते दाखवलं तेव्हा ताई म्हणाली, “काहीच मागत नाहीत म्हणजे बघ हं, काहीतरी असणार.”

विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या फुकटची अट एवढीच, की त्यावर कमाई करायची नाही. हे आपल्याकडे फार जड जातं. भाच्याकडे आराखड्याचं सॉफ्टवेअर आल्याची बातमी सोसायटीत पोचली आणि दुसऱ्या मजल्यावरचे कंत्राटदार बंगल्याचा प्लॅन घेऊन आले. पूर्वी ऑटोकॅडच्या विद्यार्थी आवृत्तीतून प्लॅन छापला, की कागदाच्या चारी कडांना ‘विद्यार्थी आवृत्तीतून काढलेला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटायची. एवढंच नाही, त्या प्लॅनमधली साधी खिडकी उचलून दुसऱ्याच्या रीतसर विकत घेतलेल्या प्लॅनमध्ये ठेवली तर तिच्याबरोबर तो शिक्काही तिकडे जायचा. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या खिडकीने अख्खं ऑफिस विद्यार्थी व्हायचं. नव्या आवृत्त्यांत तो त्रास राहिला नाही, अट मात्र आहे तशीच आहे. कंत्राटदारांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मी कुठे पैसे देणार होतो?”

आणि ज्याच्यासाठी हा सगळा अट्टाहास, त्या खेळांचं काय? स्टीमवर विद्यार्थ्यांना सवलत नाही. उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा सेल लागतो, तो शिकणाऱ्यालाही आणि शिकवणाऱ्यालाही सारखाच. भाच्याला हा अन्याय वाटतो. त्याचं म्हणणं, सबंध यादीत खऱ्या विद्यार्थ्याला लागणारी वस्तू तेवढी ही एकच.

लॅपटॉप घरी आला, सॉफ्टवेअरं चढली. कौतुकाचे चार दिवस गेल्यावर एका संध्याकाळी भावोजींनी मला फोन करून सगळ्या अटी पुन्हा वाचून दाखवल्या. त्यांना एक गोष्ट दिसली होती. किमान वय सगळीकडे दिलंय, कुठे तेरा, कुठे सोळा. कमाल वय कुठेच दिलेलं नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, पदवीच्या अभ्यासक्रमाची रीतसर फी भरून प्रवेश मिळतो, आणि त्यांना नातवंडांचे व्हिडिओ जोडायला अडोबी हवंच होतं.

“कुठल्या विषयाला घेताय प्रवेश?” मी विचारलं.

“ज्याची पावती लवकर मिळेल त्या.”